दिवस पहिला, तारीख नंतर कळवण्यात येईल

आदरणीय पर्यटक महोदय,

आमच्या ‘सिंगापूर ते रत्नागिरी’ या सहलीसाठी आपली निवड झाली आहे. अभिनंदन. आमची कंपनी लहान आहे. टूर लीडर, आचारी, ड्रायव्हर आणि तक्रार निवारण अधिकारी या चारही पदांवर एकच बाई आहे, तेव्हा तिच्याविरुद्धची तक्रार तिच्याकडेच करावी लागेल. सहलीत एकूण एक पर्यटक आहे. किमान संख्या भरली नाही म्हणून सहल रद्द होण्याची भीती नाही.

छापील कार्यक्रमपत्रिकेत वर डाव्या कोपऱ्यात तारीख असते. आपल्यात नाही. तारीख आमच्या हातात नाही, आपल्याही नाही. ती सध्या कुठल्यातरी गावात घरी बसलेल्या एका सेकंड इंजिनिअरच्या हातात आहे, ज्याला आपण दोघांनी कधी पाहिलेलं नाही. तो आपला रिलीव्हर. त्याची वैद्यकीय तपासणी झाली, कागदपत्रं झाली, तिकीट निघालं आणि तो सिंगापूरला लाँचमधून आपल्या बोटीची शिडी चढला, की मगच आपण ती शिडी उतरणार. मागच्या खेपेला रिलीव्हरचा रक्तदाब वाढला आणि आपली सुट्टी पुढच्या बंदरावर गेली. त्या अनोळखी माणसाच्या बायकोशी ओळख असती तर मी तिला सांगितलं असतं, बाई, त्याच्या लोणच्या-पापडाकडे जरा लक्ष ठेव.

म्हणून या पत्रिकेत फक्त ‘दिवस पहिला’, ‘दिवस दुसरा’ असं लिहिलं आहे. बाकी तपशील पक्के आहेत.

दिवस शून्य: रेखांश ओलांडणे (सहलीत समाविष्ट, वेगळे शुल्क नाही)

तू आत्ता ब्राझीलची लोखंडाची माती पोटात भरून केप ऑफ गुड होपला वळसा घातला आहेस. (‘आपण’ इथवर पुरे. एवढा आदर मला पत्रात झेपतो, तुला झेपत नाही.) बोटीचं घड्याळ आत्ता माझ्या साडेतीन तास मागे आहे. ब्राझीलमध्ये ते साडेआठ तास मागे होतं. मी जेवून भांडी घासायला घेतली की तू दुपारच्या कामाला लागायचास, आणि तू रात्री मोकळा झालास की इकडे पहाटेचा कोंबडा. तेव्हापासून एकेका रात्री एकेक तास तुम्ही झोपेतून कापताय, आणि सिंगापूरपर्यंत अजून सहा रात्री तसं करायचंय. तुझी झोप कमी होते याचं मला वाईट वाटतं. पण खरं सांगू का, प्रत्येक कापलेल्या तासाला मी इकडे मनातल्या मनात टाळी वाजवते.

कारण मधे कधीतरी, हिंदी महासागराच्या भर मध्यावर, तुमचं घड्याळ माझ्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे येतं. पुढचा तास कापला की ते अर्धा तास पुढे जातं. ते मोजके दिवस आपण जवळजवळ एकाच वेळी जेवतो. तू म्हणतोस, ‘आज डाळ पातळ होती.’ मी म्हणते, ‘इकडेपण.’ जगातली इतर जोडपी ज्याला संसार म्हणतात तो आपल्याकडे त्या दिवसांत भरतो.

त्याच दिवसांत एक क्षण असा येतो की बोट बरोबर रत्नागिरीच्या रेखांशावर असते. 73 अंश 20 मिनिटं पूर्व, साधारण. मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. भाट्याच्या किनाऱ्यावरून सरळ दक्षिणेला रेघ ओढली की ती लक्षद्वीपच्या मिनिकॉयजवळून, मग मालदीवमधून जाते, विषुववृत्त ओलांडते आणि पार खाली तुझ्या बोटीवर पोचते. अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास. मधे एकही सासरचा माणूस नाही.

तर कार्यक्रम असा. तू इंजिन रूमवाला, तुला आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत हे कधीच माहीत नसतं. ब्रिजवर फोन करून सेकंड मेटला विचार की 73-20 कधी लागेल. तो कारण विचारेल. सांग की बायकोचा हट्ट आहे, दर्यावर्दी माणसाला याहून जास्त स्पष्टीकरण लागत नाही. त्या वेळी बॉयलर सूट काढून पाच मिनिटं डेकवर ये आणि उत्तरेला तोंड करून उभा राहा. मी दक्षिणेला तोंड करून उभी राहीन. फोटो काढायचा नाही. दिसणार काहीच नाही, उगाच लोकांना पाठवशील.

दिवस पहिला: मुंबईत आगमन, मांडवी एक्सप्रेसने रत्नागिरी

सिंगापूरचं विमान मध्यरात्री उतरतं असं धरून चालू. टूर लीडर सहार विमानतळावर हातात पाटी घेऊन उभी असेल. पाटीवर तुझं नाव नसेल, ‘सेकंड साब’ असं असेल, म्हणजे गर्दीतले आणखी चार जण वळून बघतील आणि माझी करमणूक होईल. मिठी मारण्यासाठी दोन मिनिटांचा फोटो स्टॉप आहे. त्यानंतर सामान मोजणे. गेल्या वेळी एका बॅगेत निव्वळ चॉकलेटं आणि दुसऱ्या बॅगेत पाने-स्क्रू ड्रायव्हर होते. या वेळी पर्यटकाने स्वतःचे कपडेही आणावेत अशी विनंती आहे.

विमानानेच पुढे काहीतरी करू, गाडी करू, वंदे भारत घेऊ, असं तू म्हणशील. नाही. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून मांडवी सुटते, तिनेच जायचं. आपण ठाण्याला चढू. वंदे भारत लवकर पोचवते हे मान्य, पण मला तुला लवकर पोचवायचं नाहीये. घरी पोचलास की तू सगळ्यांचा. मांडवीत मात्र पाच-सहा तास तू माझ्या शेजारच्या सीटवर अडकलेला असतोस. शिवाय मांडवीतलं खाणं. ऑम्लेट-पाव येतो, वडे येतात, इडली येते, आणि तू दर वेळी ‘आता बास’ म्हणून पुढच्या ट्रेला हात करतोस.

रोह्यानंतर कोकण रेल्वे सुरू होते. खेडपर्यंत तू बोटीवरच्या भानगडी सांगशील, चीफ कसा आहे, कुठला पंप कितव्यांदा गेला, स्वयंपाक्याने राजम्यात काय टाकलं. हे सगळं मला फोनवर सांगून झालंय. पण रेंज तुटत तुटत ऐकलेली गोष्ट आणि समोर बसून हातवारे करत सांगितलेली गोष्ट यांत हातवाऱ्यांचाच फरक असतो, आणि मला पंपात नाही, हातवाऱ्यांत रस आहे. चिपळूणनंतर बोलणं कमी होईल. दर वेळी होतं. संगमेश्वर मागे पडलं, उक्षी गेलं, की करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर. कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत शिरलं की काचेत फक्त आपण दोघं दिसतो, बाहेरचं काही नाही, आणि फोन मुका होतो. सहलीतला हा एकमेव टप्पा आहे जिथे कंपनीचा क्रू विभाग, माझे विद्यार्थी आणि तुझी आई यांपैकी कोणीही आपल्याला गाठू शकत नाही. गाडीला आत किती मिनिटं लागतात ते मी मुद्दाम मोजलेलं नाही. बाहेर आलं की भोके, आणि मग लगेच रत्नागिरी.

दिवस दुसरा: कार्यक्रम नाही

हा दिवस ब्रोशरमध्ये विश्रांतीचा म्हणून दाखवतात. आपल्याकडे तो सगळ्यात कष्टाचा असतो.

तुला पहाटे चारला जाग येईल. सिंगापूरच्या घड्याळात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, शरीर कामावर निघतं. पण वेळेपेक्षा जास्त त्रास शांततेचा. महिनोन्‌महिने तू अशा पलंगावर झोपलेला असतोस जो खालच्या इंजिनाबरोबर थरथरतो. थरथर थांबली याचा तिथे एकच अर्थ, काहीतरी बंद पडलं. आमचा पलंग थरथरत नाही, म्हणून तू मधेच उठून बसतोस आणि अंधारात कान देतोस. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, घरात चोर आहे.

आणि तो इन्व्हर्टर. ज्या रात्री तुझी ड्यूटी असते त्या रात्री तुझ्या केबिनमध्ये इंजिन रूमचा अलार्म जोडलेला असतो, वाजला की उठून खाली पळायचं, ठरलेल्या वेळेत पोचून दाबायचा, नाहीतर सगळ्यांना उठवतो. आपल्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर बारीक आवाजात एकदा बीप करतो. गेल्या सुट्टीत त्या एका बीपला तू पलंगावरून थेट दारापर्यंत पोचलास, चप्पल घालून, डोळे मिटलेले. मी म्हटलं, ‘कुठे?’ तू म्हणालास, ‘खाली.’ आपलं घर तळमजल्यावर आहे. म्हणून सूचना: इन्व्हर्टरच्या बझरवर मी चिकटपट्टी लावली आहे. ती कोणी लावली असं विचारून काढू नये.

दुसऱ्या दिवसाची आणखी एक गंमत कुठल्याच टूरवाल्याने लिहिलेली नाही. तू नसताना घराची एक घडी बसते. गॅसचा नंबर कोणी लावायचा, पाण्याची मोटर कधी, आईंच्या गोळ्या कोणत्या डब्यात. तू आलास की तुला मदत करायची असते, आणि तू बोटीवर सवय लागल्याप्रमाणे पाहणी सुरू करतोस. नळ थेंबतोय, हे बूच बदललं पाहिजे, हा बल्ब कोणी लावला. मला ते पहिल्या दिवशी गोड वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाटत नाही. आपली जी भांडणं झाली ती बहुतेक सगळी याच दिवसाची, आणि विषय बहुतेक वेळा मोटर. त्यामुळे या खेपेला टूर कंपनीने हँडओव्हर ठेवला आहे. तुमच्याकडे बोट सोडताना लिहून देतात ना, काय चालू आहे, काय अर्धवट आहे, कशाला हात लावू नये, तसं. मी एक वही भरली आहे. ती वाचल्याशिवाय मोटरजवळ जायचं नाही. आणि वही वाचून झाली की मोटर तुझी. खरंच तुझी. मी वरून सांगणार नाही.

दिवस तिसरा किंवा चौथा, हवामान बघून: आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, तवसाळ

सकाळी लवकर निघायचं. किनाऱ्याच्या रस्त्याने आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवायची. तुला महिने-महिने समुद्रच दिसतो, तरी तू तिथे दर वेळी ‘वा’ म्हणतोस. विचारलं तर सांगतोस, तिकडे समुद्राला काठ नसतो. पुढे गणपतीपुळं. डोंगरच देव आहे म्हणून प्रदक्षिणा सगळ्या डोंगराला घालायची. तू बोटीच्या शिड्या चढून फिट असल्याची फुशारकी मारतोस, ती तिथे सिद्ध करून दाखवावी. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे मराठीच्या बाईंना अर्धा तास मोकळा वेळ. पर्यटकाने बाहेर बसून शहाळं प्यावं.

मग जयगड. इथे अडचण आहे. किल्ल्याच्या तटावरून खाली शास्त्री नदीचं मुख दिसतं आणि एका बाजूला बंदर, आणि बंदरात कोळशाची मोठाली जहाजं. तू तटावर चढलास की तुझे डोळे तिकडे जाणार. किती पाण्यात आहे बघ, अजून निम्मी भरलेली आहे, ती क्रेन बघ, धूर काळा येतोय म्हणजे त्याच्या जनरेटरचं काहीतरी. मी सगळं ऐकते, मला ते ऐकायला आवडतं हे तुला मी कधी सांगणार नाही. पण नियम असा: एका जहाजाला पाच मिनिटं, आणि तीनपेक्षा जास्त जहाजं नाहीत. सुट्टीवर असलेल्या आचाऱ्याला कोणी दुसऱ्याच्या लग्नात आमटी ढवळू देत नाही.

किल्ल्यावरून उतरलं की जेटी. आपली गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे तवसाळला उतरायचं. रस्त्याने खाडीला वळसा घालायचा तर मोठा फेरा पडतो, बोटीने काही मिनिटांत पलीकडे. तिकडून हेदवी जवळ आहे, दशभुज गणपती, आणि भरतीची वेळ जुळली तर बामणघळ. खडकातल्या चिंचोळ्या भेगेत लाट शिरते आणि उंच उसळते. ओहोटीला तिथे नुसतं दगड बघावं लागतं, म्हणून भरतीचं कोष्टक तू बघ. एवढं तरी नोकरीतून घरी येऊ दे.

फेरीबोटीबद्दल खास सूचना. पर्यटक तिकीट काढून चढला आहे. त्याने कठड्याला टेकून बायकोशेजारी उभं राहायचं आहे. इंजिन कुठल्या कंपनीचं आहे हे खलाशाला विचारायचं नाही. खाली वाकून आवाज ऐकायचा नाही. ‘एक सिलिंडर मिस करतोय’ असं मोठ्याने म्हणायचं नाही, गाडीतली म्हातारी माणसं घाबरतात.

परत आल्यावर वेळ उरला तर थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या राजाचं राज्य इंग्रजांनी 1885 मध्ये घेतलं, त्याला इकडे आणलं, 1910 मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. शाळेच्या सहलीत मुलांना हे सांगते तेव्हा त्यांना राजाचं वाईट वाटतं. मला राणीचं जास्त वाटतं. पण एका बाबतीत मला तिचा हेवा वाटतो: नवरा घरी होता.

भोजन व्यवस्था, दोन आवृत्त्यांमध्ये

खरी गुंतागुंत इथे आहे, नीट वाच.

तू मेच्या मध्यावर उतरलास तर हापूस. जूनमध्ये गेलं तर पाऊस. आणि हापूस हा प्राणी तुझ्या रिलीव्हरसाठी थांबत नाही. चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने देठासकट उतरवायचं, पेंढ्यात अढी लावायची, आणि मग मेच्या उष्म्यात आठ-दहा दिवसांत पिकतं. तुझ्या उतरण्याची खात्री मला किती दिवस आधी मिळते? तिकीट निघाल्यावर. म्हणजे फार तर आठवडाभर, कधी चार दिवस. अढीला लागतात त्याहून कमीच. म्हणजे तिकिटाची वाट बघून अढी लावली तर तू येशील आणि आंबा हिरवा. आधीच लावली आणि तू लांबलास तर आंबा गेला.

म्हणून या वर्षी तीन अढ्या. चार-चार दिवसांच्या अंतराने, प्रत्येकी पाच डझन. काकांशी बोलणं झालंय, झाडावरचा माल शेवटपर्यंत राखतील. पहिली अढी पिकली आणि तू नसलास तर रस आटवून बाटल्या भरते. दुसरी पिकली आणि तू नसलास तर उन्हात साठं घालते, वन्संकडे पेटी पाठवते. तिसरी पिकली आणि तरीही नसलास तर मी एकटी बसून खाणार आहे, आणि व्हिडिओ कॉलवर खाणार आहे. एक धोका राहतो, साका. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, कडक. तो कापेपर्यंत कळत नाही. निघाला तर टूर कंपनी जबाबदार नाही.

पावसाळी आवृत्ती: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा ‘ताजी सुरमई’ म्हणू नये. सोडे घातलेली वांग्याची भाजी, सुकटीची चटणी, नदीला चढणीचे मासे आले तर ते, आणि डोंगरात फोडशी उगवली की तिची भाजी. मांडवी पावसाळी वेळापत्रकाने हळू धावेल, म्हणजे तू माझ्या शेजारी आणखी जास्त वेळ. जयगडची फेरी वाऱ्याप्रमाणे बंद असू शकेल. खरं म्हणजे मला ही आवृत्ती मनातून जास्त आवडते, पण पंधरा डझन आंब्यांची ऑर्डर देऊन बसल्यावर तसं म्हणता येत नाही.

अटी व शर्ती

सहलीची मुदत सीए ठरवतील. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांच्या आत राहिलास तरच तुझं एनआरआयचं गणित जमतं, म्हणून दर सुट्टीत ते पासपोर्टवरचे शिक्के मोजतात आणि मला फोन करून सांगतात, ‘वहिनी, अजून इतके दिवस चालतील.’ नवरा किती दिवस चालेल हे सीएला विचारावं लागणारी रत्नागिरीत मी एकटीच नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

सुट्टीत क्रू विभागाचा फोन आला आणि ‘थोडं लवकर जॉइन होता का’ असं विचारलं, तर फोन टूर लीडरकडे द्यावा.

रद्द करण्याचं शुल्क: तीन अढ्या.

रिलीव्हरचं तिकीट निघालं की मेसेज कर. आधी तारीख, मग फ्लाइट, मग सामान किती किलो, आणि आठवण वगैरे त्यानंतर. पहिली अढी परवा लावतेय.

आपली विश्वासू,
टूर लीडर

ता.क. आईंनी हा कार्यक्रम चष्मा लावून वाचला. बाकी सगळं त्यांना मान्य आहे. फक्त ‘दिवस दुसरा: कार्यक्रम नाही’ यावर पेनाने काट मारून त्यांनी लिहिलंय, ‘आत्याकडे जेवण. तिला कळवलं आहे.’